जास्वंदीचा चहा, बीपीची गोळी आणि चौथा महिना

प्रश्न: डॉक्टर, आम्ही कोल्हापुरात राहतो. सासरे ६६ वर्षांचे आहेत. त्यांना बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू आहे. दीड महिन्यापूर्वी ऑनलाइन हिबिस्कस टीचे पाकीट मागवले, ते रोज दोन-तीन कप घेतात. आता बीपी १०८/६६ येते म्हणून सगळे खूश आहेत, पण सकाळी उठताना त्यांचा तोल जातो. गोळी बंद करावी का? मला चौथा महिना आहे. मीही दोन आठवडे रोज एक कप घेतला. सासूबाई म्हणतात, घरच्या जास्वंदीचा काढा तर थंडच असतो. माझे बीपी १००/६४ आहे. मी घेतला तर चालेल का?

उत्तर:

आधी आज काय करायचे ते सांगतो. सासऱ्यांचा चहा आजपासून थांबवा, गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका किंवा अर्ध्या करू नका, आणि येत्या दोन-तीन दिवसांत त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तुम्ही हा चहा बाळंतपण होईपर्यंत आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत घेऊ नका. पाकिटातलाही नाही आणि अंगणातल्या फुलांचाही नाही. आतापर्यंत जो घेतला त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. हे असे का, ते आता सविस्तर लिहितो, कारण कारण कळले नाही तर पंधरा दिवसांनी घरात तेच पाकीट पुन्हा उघडले जाते.

तुमच्या घरात दोन वेगळ्या वनस्पती एकाच नावाखाली आल्या आहेत, तिथून सुरुवात करतो. हिबिस्कस टी म्हणून जे विकले जाते ते बहुतेक वेळा लाल अंबाडीचे बोंड असते. फूल गळून गेल्यावर फळाभोवती जो जाड, मांसल, गर्द लाल पुष्पकोश उरतो, तो वाळवून हा चहा करतात. आपण कोल्हापूरकर अंबाडीची भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर खातो, सीमेपलीकडे कानडी मुलखात तिलाच पुंडी म्हणतात, आणि हे बोंड त्याच कुळातले आहे. सासूबाई ज्या जास्वंदीबद्दल बोलत आहेत, ती गणपतीला वाहायची, मोठ्या पातळ पाकळ्यांची. दोघी बहिणी आहेत, पण एक नव्हेत. ओळखायचे असेल तर चिमूटभर वस्तू गरम पाण्यात टाकून बघा. अंबाडीच्या बोंडांचे पाणी काही न घालता माणकासारखे लाल होते आणि चिंचेच्या पाण्यासारखे आंबट लागते. जास्वंदीच्या पाकळ्यांचे पाणी जांभळट होते, किंचित बुळबुळीत लागते, आंबट अजिबात लागत नाही, आणि त्यात लिंबू पिळले तरच ते लालभडक होते. रक्तदाबावर माणसांमध्ये जे काही नीट अभ्यास झाले आहेत ते मुख्यतः अंबाडीच्या बोंडांवर झाले आहेत. त्यामुळे पाकिटावरचा दावा अंगणातल्या जास्वंदीला लावता येत नाही, आणि जास्वंद घरची आहे म्हणून ती निर्धोक ठरते असेही नाही. त्याबद्दल पुढे गरोदरपणाच्या भागात लिहिले आहे.

आता चहा खरोखर काही करतो का? करतो, आणि अडचण तिथेच सुरू होते. २०१० मध्ये अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तदाब थोडासा वाढलेल्या ६५ जणांपैकी निम्म्यांना रोज तीन कप अंबाडीच्या बोंडांचा चहा आणि उरलेल्यांना तशाच रंगाचे, चवीचे साधे पेय सहा आठवडे दिले. एका कपात सव्वा ग्रॅम बोंडे होती. चहा घेणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी सातने उतरला, साधे पेय घेणाऱ्यांचा जेमतेम एकने. ज्यांचा आकडा मुळात जास्त होता त्यांचा जास्त उतरला. हा परिणाम खरा आहे, पण त्या अभ्यासातील कुणीही बीपीची गोळी घेत नव्हते, ही गोष्ट पाकिटाच्या मागे कुठेही छापलेली नसते. त्याआधी २००४ मध्ये मेक्सिकोतील संशोधकांनी दहा ग्रॅम बोंडे अर्धा लिटर गरम पाण्यात भिजवून, ते पाणी रोज सकाळी नाश्त्याआधी देऊन त्याची तुलना कॅप्टोप्रिल या गोळीशी केली होती, आणि चार आठवड्यांनी दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखा आला. म्हणजे मूठभर बोंडांचा काढा हा बीपीच्या एका जुन्या, हलक्या मात्रेच्या गोळीइतके काम करू शकतो. पुढे झालेल्या सगळ्या अभ्यासांचा कडक निकषांवर आढावा घेणाऱ्यांनी मात्र पुरावा अजून अपुरा आहे असेच म्हटले आहे, कारण अभ्यास लहान आहेत, थोड्या आठवड्यांचे आहेत आणि प्रत्येकाची मात्रा वेगळी आहे. माझा स्वतःचा कल असा की परिणाम आहे असे धरून चालावे. परिणाम नाही असे समजणारा माणूस मात्रा मोजत नाही, आणि मात्रा न मोजणारी माणसेच माझ्याकडे चक्कर घेऊन येतात.

हा परिणाम कसा होतो तेही समजून घ्या, कारण तुमच्या दोघांचीही गोष्ट तिथे एकत्र येते. आपल्या शरीरात अँजिओटेन्सिन नावाचे एक द्रव्य रक्तवाहिन्या आवळून धरते. ते तयार करणारे एक एन्झाइम असते, आणि बोंडांना लाल रंग देणारी द्रव्ये ते एन्झाइम काहीसे मंद करतात. कॅप्टोप्रिल आणि एनालाप्रिल या गोळ्या नेमके हेच काम जोरात करतात. सासऱ्यांची टेल्मिसार्टन त्याच साखळीच्या पुढच्या कडीवर बसते: तयार झालेल्या अँजिओटेन्सिनला ती रक्तवाहिनीवर कामच करू देत नाही. अ‍ॅम्लोडिपिन वेगळ्या वाटेने रक्तवाहिनीचा स्नायू सैल करते. याखेरीज बोंडांमुळे लघवीही थोडी जास्त होते. म्हणजे दोन गोळ्यांनी ज्यांचा दाब आधीच ताब्यात होता, त्यांना तुम्ही नकळत एक तिसरे, मात्रा न ठरवलेले औषध सुरू केले.

१०८/६६ हा आकडा बसून घेतलेला असेल. तो स्वतःहून वाईट नाही, आणि ९०/६० च्या खाली गेल्याशिवाय आपण साधारणपणे दाब कमी झाला असे म्हणत नाही. पण उठताना तोल जाणे ही तक्रार बसलेल्या आकड्यात दिसत नाही. माणूस उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. तरुण शरीर क्षणात रक्तवाहिन्या आवळून ते वर ढकलते. पासष्टी ओलांडलेल्या माणसात हे आवळणे संथ होते, आणि ज्या यंत्रणेने ते करायचे तिलाच आपण दोन गोळ्या आणि एक चहा देऊन सैल केलेले असते. मग काही सेकंद मेंदूला रक्त कमी पडते, डोळ्यांसमोर अंधारी येते, आणि पहाटे लघवीला उठलेला माणूस मोरीच्या उंबऱ्यावर पडतो. या वयात खुब्याचे हाड मोडण्याची भीती मला त्या चकरेपेक्षा जास्त वाटते.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात शिरोळकडचे एक बासष्ट वर्षांचे शेतकरी गृहस्थ कपाळाला टाके घालून माझ्याकडे आले. आदल्या पहाटे ते बाथरूमच्या दारात पडले होते. त्यांना टेल्मिसार्टन ४० आणि लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड साडेबारा मिलिग्रॅम, अशी एकत्र गोळी दोन वर्षे चालू होती आणि त्यावर दाब १३६/८२ च्या आसपास छान होता. बसवून मोजला तर ११४/७० आला. बरोबर आलेला मुलगा म्हणाला, "बघा, बीपी तर चांगलं आहे, मग पडले कशानं?" मी त्यांना तपासणीच्या टेबलावर पाच मिनिटे आडवे ठेवले आणि मोजले: ११८/७२, नाडी ७६. उभे करून एका मिनिटाने मोजले: ९६/६०. तिसऱ्या मिनिटाला ९२/५८, नाडी ९२, आणि त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला आम्ही उभे राहण्याने उतरणारा दाब म्हणतो. त्यांचा २६ ने उतरला होता.

गोळ्या तर त्याच होत्या, मग बदलले काय? तीन वेळा विचारूनही "काही नाही" हेच उत्तर आले. शेवटी सूनबाईंनी सांगितले की पुण्याच्या मुलाने पाठवलेला लाल चहा ते तीन आठवडे घेत आहेत. चहा म्हणजे औषध नव्हे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, त्यामुळे माझ्या प्रश्नात तो बसतच नव्हता. मी पाकीट मागवले आणि रोज टाकता तेवढे टाका म्हटले. त्यांनी मूठ भरली. शेजारच्या औषध दुकानातील छोट्या काट्यावर ती मूठ अकरा ग्रॅम भरली. ती अर्ध्या लिटर पाण्यात उकळून, थर्मासमध्ये भरून ते उसाच्या रानात नेत आणि दिवसभर त्याखेरीज फारसे पाणी पीत नसत. आता वर सांगितलेला मेक्सिकोचा अभ्यास आठवा: दहा ग्रॅम, अर्धा लिटर. हे गृहस्थ न कळत तीच मात्रा घेत होते, आधीच्या दोन औषधांवर, एप्रिलच्या उन्हात. रक्त तपासले तेव्हा सोडियम १३१ पर्यंत उतरलेले होते आणि क्रिएटिनिन १.० वरून १.३ झाले होते, म्हणजे शरीरातले पाणी आणि मीठ दोन्ही कमी पडत होते आणि मूत्रपिंडाला त्याची झळ लागली होती.

चहा बंद केला. लघवी वाढवणारा घटक असलेली गोळी काही दिवसांसाठी बदलून साधी टेल्मिसार्टन ठेवली. पाणी आणि मिठाचे ताक किती घ्यायचे ते ठरवून दिले आणि रान चार दिवस बंद ठेवले. पाचव्या दिवशी आडवे १२८/७६, उभे १२२/७४. दोन आठवड्यांनी दाब पुन्हा १४० च्या पुढे जाऊ लागला, सोडियम व क्रिएटिनिन पूर्ववत झाले, आणि मग जुनी एकत्र गोळी परत सुरू केली. त्या पडण्यात चहाचा वाटा किती, उन्हाचा किती आणि लघवीच्या गोळीचा किती, हे वेगळे काढून दाखवणे शक्य नाही, आणि तसा दावा मी करत नाही. पण गोळी दोन वर्षे होती, ऊन दर वर्षी होते. नवा होता तो चहा.

या प्रसंगातली एक गोष्ट तुमच्या घराला अगदी लागू आहे. समजा, चहा चालू असताना तुम्ही सासऱ्यांना डॉक्टरांकडे नेले, चहाचे सांगितले नाही, आणि १०८/६६ बघून डॉक्टरांनी गोळी कमी केली. महिन्याभरात पाकीट संपले, नवे आणायचे राहून गेले. आता गोळीही कमी आणि चहाही नाही; दाब हळूहळू चढतो आणि त्याला लक्षण काहीच नसते. म्हणून आधी चहा थांबवायचा, मग आकडे घ्यायचे, आणि गोळीचा निर्णय त्या आकड्यांवर डॉक्टरांनी घ्यायचा, हा क्रम उलटा करू नका.

आकडे असे घ्या. मनगटावरचे यंत्र नको, दंडावर पट्टा बांधायचे यंत्र घ्या. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, गोळी आणि न्याहारीच्या आधी त्यांना पलंगावर पाच मिनिटे शांत आडवे राहू द्या, बोलू देऊ नका, आणि मोजा. मग उभे करा, पाठीमागे पलंग आणि बाजूला तुमच्या घरातील कुणीतरी धट्टाकट्टा माणूस असू द्या, आणि एका व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. मोजताना दंड छातीच्या पातळीवर हवा. उभे असताना अंधारी आली तर आकड्याचा हट्ट न धरता लगेच आडवे करा. असे तीन दिवस सकाळी, आणि जमल्यास गोळी घेतल्यानंतर दोन-तीन तासांनी, वहीत तारीख घालून लिहा. ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा. तोवर त्यांनी झोपेतून उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून एक-दोन मिनिटे बसावे, पावले वरखाली हलवावीत आणि मगच उभे राहावे. रात्री लघवीसाठी पलंगाजवळ भांडे ठेवण्यात काही कमीपणा नाही.

चक्कर येऊन ते बसले किंवा पडले तर सपाट झोपवा, पाय उशीवर उंच करा, आणि पूर्ण शुद्ध आल्याशिवाय तोंडात पाणी घालू नका. शुद्ध हरपली, छातीत दुखले, बोलणे अडखळले, संडास काळी झाली किंवा डोक्याला मार लागला, तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करून थेट रुग्णालयात न्या. डोक्याला मार लागलेला माणूस रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर तो ठीक दिसत असला तरी न्या.

हा चहा कुणीच घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. ज्यांचा वरचा आकडा १३० च्या घरात आहे, अजून गोळी सुरू झालेली नाही, मूत्रपिंड चांगले आहे आणि जे मीठ, वजन, चालणे या गोष्टींवर खरोखर काम करत आहेत, त्यांनी कपाला सव्वा ग्रॅम मोजून, दिवसाला एक कपाने सुरुवात करून, फार तर तीन कपांपर्यंत जाऊन सहा आठवडे आकडे लिहिले तर माझी हरकत नसते. ते मोजमाप काट्यावरच करा, कारण चमच्यात अख्खी बोंडे वेगळी बसतात आणि चुरा वेगळा. मूत्रपिंडाचा आजार, आधीच कमी असलेला दाब, मधुमेहाच्या गोळ्यांवर साखर उतरण्याची सवय, किंवा दोन-तीन बीपीच्या गोळ्या असतील तर मी नको म्हणतो. तुमच्या सासऱ्यांचा दाब गोळ्यांवर ताब्यात होता. तिथे चहाने मिळवण्यासारखे काही उरलेच नव्हते.

आता तुमच्याबद्दल.

१००/६४ हा चौथ्या महिन्यातला अगदी निरोगी आकडा आहे. गरोदरपणात रक्तवाहिन्या आपोआप सैल होतात आणि पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत दाब थोडा उतरतो, मग शेवटच्या तिमाहीत पुन्हा मूळ पातळीकडे येतो. म्हणजे तुमचे शरीर आत्ता दाब उतरवण्याच्याच टप्प्यात आहे. त्यावर दाब आणखी उतरवणारी वस्तू घेतली तर तुम्हाला चक्कर येण्यापलीकडेही एक प्रश्न असतो. तुमच्या मेंदूला रक्त कमी पडले तर मेंदूच्या रक्तवाहिन्या स्वतःला सावरून घेतात. वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या गरोदरपणात आधीच पूर्ण उघडलेल्या असतात, त्यांना अशी सावरण्याची सोय फारशी नसते. आईचा दाब उतरला की बाळाकडे जाणारे रक्त त्याच प्रमाणात कमी होते.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. बोंडे ज्या एन्झाइमला मंद करतात, तेच जोरात बंद करणाऱ्या एनालाप्रिलसारख्या गोळ्या, आणि सासऱ्यांच्या टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या गरोदरपणात वर्ज्य आहेत. वाढत्या बाळाच्या मूत्रपिंडाला हीच साखळी लागते. ती अडवली, विशेषतः चौथ्या महिन्यापासून पुढे, तर बाळाची लघवी कमी होते, गर्भजल घटते आणि त्याचे परिणाम गंभीर असतात. चहा त्या गोळ्यांइतका जोरकस नाही, आणि कपभर चहाने माणसाच्या गर्भाला असे झाल्याचे सिद्ध झालेले नाही, हे मी स्पष्ट लिहितो. पण दिशा तीच आहे, मात्रा कुणी ठरवलेली नाही, आणि गरोदर स्त्रियांवर याची सुरक्षितता तपासलेली नाही. प्राण्यांवरच्या अभ्यासात गाभण उंदरांना अंबाडीच्या बोंडांचा अर्क दिला तेव्हा त्यांचे पाणी पिणे कमी झाले आणि पुढे त्यांच्या मादी पिल्लांना वयात यायला उशीर लागला. उंदरावरून थेट माणसाचा निष्कर्ष काढू नये, तरी ज्या वस्तूने तुम्हाला काहीच फायदा होणार नाही तिच्यासाठी एवढाही धोका का पत्करावा?

सासूबाईंच्या जास्वंदीचे उत्तर इथे येते. त्या थंड म्हणतात ते उन्हाळी लागणे, अंगाची आग होणे अशा जुन्या अनुभवावरून म्हणत असतील आणि त्यात त्यांची माया आहे. पण आपल्याच देशात लोकवैद्यकात जास्वंदीचे फूल अडलेली पाळी आणण्यासाठी आणि गर्भ राहू नये म्हणूनही वापरले गेले आहे. त्या वापरावरूनच आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी या फुलांचे अर्क उंदरांवर तपासले आणि त्यांत गर्भ रुजण्याला विरोध करणारा परिणाम दिसला. ते तीव्र अर्क होते, पाण्यातला काढा नव्हे. तरीही दिवस गेलेल्या बाईने, आणि जिला मूल हवे आहे आणि पाळी पुढे गेली आहे तिनेही, जास्वंदीचा काढा किंवा पाकळ्यांचे सरबत घेऊ नये, असेच मी माझ्या घरातल्या मुलींनाही सांगतो. केसांना लावायचे जास्वंदीचे तेल किंवा देवाला वाहायचे फूल यांचा या सगळ्याशी संबंध नाही. ते बिनधास्त वापरा. जेवणात कधीतरी येणारी अंबाडीच्या पाल्याची भाजी हीदेखील पानांची भाजी आहे, बोंडांचा अर्क नव्हे. भाकरीबरोबर खाल्ली म्हणून काळजी करू नका.

दोन आठवडे रोज एक कप घेतला त्याचे काय, हा प्रश्न तुम्हाला रात्री झोपू देत नसेल. तुमचा दाब चांगला आहे, मात्रा लहान होती, काळ थोडा होता. यासाठी वेगळी तपासणी लागत नाही आणि मनात भलतेसलते आणण्याचे कारण नाही. प्रसूतितज्ज्ञांना सांगा, त्यांनी फाइलमध्ये लिहू द्या, आणि १८ ते २० आठवड्यांची जी सविस्तर सोनोग्राफी सगळ्यांचीच होते ती वेळेवर करा. त्यात बाळाची मूत्रपिंडे आणि गर्भजल पाहिलेच जाते. मात्र रक्तस्राव, पोटात कळा किंवा उभे राहताना वारंवार अंधारी असे काही असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

एक धोका तुम्हाला आज नाही, पण सातव्या-आठव्या महिन्यात उभा राहू शकतो. त्या वेळी पायांवर सूज येते, कधी दाब चढतो, आणि घरातले म्हणतात की हा चहा लघवी साफ करतो, सूज उतरवतो. पाच महिने पूर्ण झाल्यावर १४०/९० किंवा त्याहून जास्त दाब चार तासांच्या अंतराने दोनदा आला, तर तो वारेशी निगडित आजाराचा इशारा असू शकतो. लघवीतून प्रथिने जाणे, यकृतावर ताण येणे आणि पुढे झटके येणे हा त्याचाच पुढचा रस्ता. तो आजार चहाने बरा होत नाही. चहाने १४६ चा १४० झाला, तर घरचे सुटकेचा श्वास सोडतात आणि आतले काम बिघडतच राहते. माझ्या पाहण्यात गरोदरपणात चहाचा हा सर्वांत वाईट परिणाम आहे: दिवस वाया जातात. डोके सतत ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा धूसर दिसणे, बरगडीखाली उजव्या बाजूला दुखणे, चेहरा आणि हात एकदम सुजणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांतले एक जरी जाणवले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दाब १६०/११० झाला असेल तर त्याच तासाला. गरोदरपणात चालणाऱ्या बीपीच्या गोळ्या आहेत, लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा. त्या अनेक वर्षे वापरात आहेत आणि त्यांची मात्रा डॉक्टर आकडा बघून ठरवतात.

तुम्हाला आंबट पिण्याची ओढ लागली असेल, ते या महिन्यांत साहजिक आहे. लिंबाचे सरबत, कोकम किंवा पातळ ताक घ्या. उठताना तुम्हालाही थोडे गरगरत असेल तर एकदम उठू नका, उपाशी फार वेळ राहू नका आणि पाणी दिवसभर थोडे थोडे पीत राहा.

सासऱ्यांना डॉक्टरांकडे नेताना वही, गोळ्यांची पाकिटे आणि तो चहा, तिन्ही एकाच पिशवीत घाला. ते रोज किती टाकत होते हे तोंडाने सांगण्याऐवजी त्यांनाच तिथे हाताने काढून दाखवायला सांगा, आणि त्यांच्या कागदावर गोळ्यांच्या यादीखाली "लाल अंबाडीचा चहा, दीड महिना, अमुक तारखेला बंद" असे लिहून घ्या.